शाळेपासून पाचशे मीटर : एका मोजणीचा आढावा

जुलै 2024 मध्ये विधान परिषदेत बोलताना तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मराव बाबा आत्राम यांनी, कॅफिनचे प्रमाण अधिक असलेल्या ऊर्जावर्धक पेयांची विक्री शाळांच्या पाचशे मीटरच्या परिसरात बंद करण्यात येईल, असे सांगितले, तेव्हा सभागृहाबाहेर चर्चा झाली ती पेयाची, त्याच्या दुष्परिणामांची आणि ते विकणाऱ्यांची. परंतु त्या वाक्यातील ज्या दोन शब्दांवर सारी अंमलबजावणी उभी राहावयाची, त्या ‘पाचशे मीटर’ या शब्दांकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पाचशे मीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, आणि अर्धा किलोमीटर म्हणजे काय हे पोरासोरांनाही ठाऊक, अशी आपली समजूत असते. मात्र तालुक्याच्या एखाद्या दप्तरातील कारकुनास ‘या अंतरात येणाऱ्या एकूण एक दुकानांची यादी सादर करावी’ असा हुकूम मिळाला, की तो नकाशा पुढे घेऊन बसताच त्याच्यापुढे तीन प्रश्न उभे राहतात : हे अंतर शाळेच्या कोणत्या ठिकाणापासून मोजावयाचे, कोणत्या वाटेने मोजावयाचे, आणि ज्याला दुकान म्हणावयाचे त्याची नोंद कोणत्या दप्तरात सापडावयाची. या तीन प्रश्नांची उत्तरे हुकुमात नसतील तर निघणारी यादी ही मोजणीची राहत नाही, मोजणाऱ्याच्या मर्जीची होते, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ते मत का झाले, हे सविस्तर मांडण्यासाठी हा आढावा.

भौगोलिक माहिती प्रणालीच्या परिभाषेत या कामाला बफर विश्लेषण असे नाव आहे. एखादा बिंदू, रेषा अथवा क्षेत्र घेऊन त्याच्यापासून ठरावीक अंतरावर सर्व बाजूंनी एक हद्द आखावयाची, आणि त्या हद्दीच्या आत दुसऱ्या कोणत्या वस्तू पडतात ते पाहावयाचे, एवढाच त्याचा गाभा. शाळांचा एक स्तर, दुकानांचा दुसरा स्तर, शाळांभोवती पाचशे मीटरचे बफर, आणि मग बफराच्या आत पडणाऱ्या दुकानांची निवड : क्यूजीआयएससारख्या विनामूल्य संगणकप्रणालीत सराईत माणसास हे सर्व करण्यास चहा निवण्याइतकाही वेळ लागत नाही. ही सुलभताच येथे धोक्याची ठरते, कारण प्रणाली प्रत्येक वेळी काही तरी उत्तर देते, नकाशावर सुबक वर्तुळे उमटवते, आणि ती वर्तुळे पाहून वरिष्ठांचे समाधान होते. उत्तर चुकीचे असले तरी वर्तुळाच्या सुबकपणात तसूभरही उणेपणा येत नाही.

पहिला प्रश्न शाळेच्या जागेचा. बहुतेक शासकीय याद्यांत शाळा म्हणजे एक बिंदू असतो, अक्षांश-रेखांशाची एक जोडी. आणि तो बिंदू कोणी फाटकापाशी उभे राहून घेतलेला असतो, कोणी मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून, तर कोणी उपग्रहचित्रावर छपराच्या मध्यभागी बोट ठेवून. एखाद्या पेठेतील दुमजली वाड्यात भरणाऱ्या शाळेच्या बाबतीत याने फारसे बिघडत नाही. परंतु जिला मैदान आहे, वसतिगृह आहे, बाग आहे, अशा शाळेच्या बाबतीत हा फरक किती मोठा होतो ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. पूर्व-पश्चिम तीनशे मीटर आणि उत्तर-दक्षिण दोनशे मीटर अशा आयताकार आवाराची एक शाळा आहे, तिचे एकुलते एक फाटक दक्षिणेकडील भिंतीच्या मध्यावर आहे, आणि उत्तरेकडील भिंतीच्या मध्यापासून सरळ उत्तरेस 420 मीटरवर एक टपरी आहे, असे समजा. आवाराच्या भिंतीपासून मोजले तर टपरीचे अंतर 420 मीटर, म्हणजे ती हद्दीच्या आत. आवाराच्या मध्यबिंदूपासून मोजले तर 520, म्हणजे बाहेर. फाटकापासून आवारावरून सरळ रेषेत मोजले तर 620. आणि मूल ज्या वाटेने जाईल त्या वाटेने, म्हणजे फाटकातून बाहेर पडून भिंतीला वळसा घालून, 150 मीटर, मग 200, मग पुन्हा 150 आणि त्यापुढे 420 असे चालत गेले, तर अंतर 920 मीटर भरते. टपरी एकच, शाळा एकच, नियमातील आकडाही एकच. तरीही 420, 520, 620 आणि 920 ही चारही उत्तरे प्रामाणिक मोजणीतून आलेली आहेत, आणि त्यांपैकी एकात दुकानदारावर कारवाई होते व तिहींत तो निर्दोष ठरतो.

हा फरक एखाद्या टपरीपुरता मर्यादित नाही. मध्यबिंदूभोवती पाचशे मीटरचे वर्तुळ काढले तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे 78.5 हेक्टर भरते. त्याच आवाराच्या भिंतीपासून सर्व बाजूंस पाचशे मीटरची हद्द आखली, तर आवाराचे 6 हेक्टर, चार भिंतींलगतच्या चार पट्ट्यांचे 50 हेक्टर आणि चार कोपऱ्यांवरील पाव-पाव वर्तुळे मिळून 78.5 हेक्टर, असे एकूण 134.5 हेक्टर क्षेत्र हद्दीखाली येते. बिंदूऐवजी भिंत धरली एवढ्याने नियमाखालील जमीन जवळजवळ पाऊणपट वाढली! म्हणून ज्यांना हे काम नेटके करावयाचे आहे त्यांनी शाळेचा बिंदू बाजूस ठेवून आवाराची हद्द मिळवावी, असा आग्रह मी धरीन. शहरांत ती नगर भूमापन कार्यालयाच्या नकाशावर आणि मिळकत पत्रिकेवर असते, खेड्यांत भूमी अभिलेख खात्याच्या गावनकाशावर व गटाच्या मोजणीत सापडते. ही कागदपत्रे संगणकावरील स्तरात रूपांतरित करण्यास वेळ लागतो हे खरे. परंतु मोजणीचा आरंभबिंदू पक्का नसेल तर पुढील सारा अचूकपणा व्यर्थ जातो.

कायद्याने या बाबतीत काय म्हटले आहे, हे पाहू गेल्यास चित्र अगदीच अंधारे नाही. 1897 च्या केंद्रीय सामान्य खंड अधिनियमाच्या अकराव्या कलमात असे सांगितले आहे, की केंद्रीय अधिनियमाच्या प्रयोजनार्थ अंतर मोजावयाचे असता, वेगळा उद्देश दिसून येत नसेल तर, ते क्षितिजसमांतर पातळीवर सरळ रेषेत मोजावे. म्हणजे डोंगराचा चढउतार धरावयाचा नाही, रस्त्याची वळणे धरावयाची नाहीत. बफराचे वर्तुळ नेमके हेच करते. तंबाखूविषयक 2003 च्या कायद्याने शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे 91.44 मीटरच्या, आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री निषिद्ध केली, आणि त्याखालील नियमांनी हे अंतर संस्थेच्या भिंतीच्या वा कुंपणाच्या बाहेरील हद्दीपासून त्रिज्येप्रमाणे मोजावे असेही स्पष्ट केले. वर ज्या तीन प्रश्नांचा उल्लेख केला, त्यांपैकी दोहोंचे उत्तर या नियमाने एका ओळीत दिले आहे, आणि कोणताही नवा नियम लिहिणाऱ्याने ही ओळ समोर ठेवावी इतकी ती निर्दोष आहे. लंडनने याच प्रश्नाचे अगदी वेगळे, पण तितकेच स्पष्ट उत्तर दिले : त्या महानगराच्या 2021 च्या विकास आराखड्यानुसार, शाळेच्या प्रवेश-निर्गमद्वारांपासून चालण्याच्या चारशे मीटर अंतरात तयार गरम खाद्यपदार्थ बांधून देणारी नवी दुकाने होऊ द्यावयाची नाहीत. तेथे त्रिज्या नाही, वाट आहे. भिंत नाही, दार आहे. दोन्ही पद्धती योग्य असू शकतात. अयोग्य आहे ते फक्त मौन.

वाटेने मोजण्याचे परिणाम कोठवर जातात, याचे एक बोलके उदाहरण आपल्याच देशात घडून गेले आहे. 15 डिसेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांच्या कडेपासून पाचशे मीटरच्या आत मद्यविक्री बंद करण्याचा निर्णय दिला. त्यानंतर 2017 मध्ये केरळातील उत्तर परवूर येथील एका मद्यालयाने आपली इमारत तसूभरही न हलवता, समोरच्या मोकळ्या जागेत भिंती उभारून वळणावळणांचा एक चक्रव्यूह रचला आणि महामार्गापासून दारापर्यंतची पायवाट पाचशे मीटरहून अधिक लांब करून दाखविली. अबकारी अधिकाऱ्यांचा रिवाज चालण्याचे अंतर मोजण्याचा असल्याने त्यांनी ते अंतर मान्यही केले. बफराच्या वर्तुळास अशा भिंतींची फिकीर नसते. त्रिज्येची मोजणी फसविता येत नाही हा तिचा मोठा गुण होय. मात्र मूल प्रत्यक्षात कोठे पोहोचू शकते याविषयी ती काहीही सांगत नाही, हा तिचा तितकाच मोठा दोष.

हा दोष पुण्यात मुठेच्या काठी उभे राहिले की स्वच्छ दिसतो. नदीच्या पूर्वतीरावरील शनिवार-नारायण पेठेतील शाळांभोवतीची पाचशे मीटरची वर्तुळे सहजच नदी ओलांडून डेक्कनच्या बाजूस उतरतात आणि पलीकडची दुकाने आपल्या पोटात घेतात. त्या दुकानांपर्यंत पायी जाण्यास पूल हवा. आणि बाबा भिडे पूल तर असा, की खडकवासल्यातून पाणी सोडले म्हणजे तो पाण्याखाली जातो व वाहतुकीस बंद होतो. म्हणजे रस्त्यांच्या जाळ्यावरून काढलेले चालण्याचे अंतर मे महिन्यात एक आणि ऑगस्टच्या पुरात दुसरे. मुंबईत नदीच्या जागी रेल्वेमार्ग आहे, कोकणात खाडी आहे, घाटाखालच्या गावांत ओढा आहे. जाळ्यावरील अंतर काढण्यासाठी रस्त्यांचा स्तर निर्दोष लागतो, बोळ, जिने आणि पादचारी पूल त्यात नोंदलेले लागतात. एखादा बोळ सुटला तर दुकान विनाकारण हद्दीबाहेर जाते. यावर मला योग्य वाटणारा मार्ग असा : आधी त्रिज्येचा बफर काढून संभाव्य दुकानांची व्यापक यादी करावी, कारण पायवाटेचे अंतर सरळ रेषेहून कमी कधीच असू शकत नाही, आणि मग त्या यादीपुरतेच वाटेचे अंतर काढून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहावेत. मात्र दोन्ही मोजण्या शाळेच्या एकाच ठिकाणापासून सुरू झाल्या पाहिजेत, एवढे पथ्य पाळावे. असे केले म्हणजे नियम कोणताही असो, यादी पुन्हा करावी लागत नाही.

आता खुद्द मीटराविषयी. नवख्या माणसाच्या हातून होणारी सर्वांत मोठी चूक येथेच होते, आणि ती झाली आहे हे ओळखताही येते, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबणे इष्ट. भ्रमणध्वनीवरून घेतलेली स्थाने अक्षांश-रेखांशांत असतात, म्हणजे अंशांत. आणि अशा स्तरावर बफराची आज्ञा देऊन अंतराच्या चौकटीत 500 लिहिले, तर प्रणाली ते पाचशे अंश समजते व साऱ्या पृथ्वीला व्यापून उरेल असा आकार काढते. ही चूक निदान डोळ्यांत भरते. दुसरी चूक फसवी आहे : कोणी अंदाजाने 0.0045 अंश हा आकडा वापरतो. पुण्याच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे साडेअठरा अंशांवर, इतक्या अंशांचे उत्तर-दक्षिण अंतर सुमारे 498 मीटर भरते, पण पूर्व-पश्चिम अंतर 475 मीटरच, कारण रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना एकमेकींजवळ येतात. नकाशावर जे वर्तुळ दिसते ते जमिनीवर अंडाकृती असते, आणि पूर्वेकडील व पश्चिमेकडील दुकाने निमूटपणे सुटतात. तिसरी चूक त्याहून सूक्ष्म. महाजालावरील बहुतेक नकाशे ज्या प्रक्षेपणात असतात, ज्याचा क्रमांक पडद्यावर `EPSG:3857` असा दिसतो, त्याचे एकक नावापुरते मीटर आहे. प्रत्यक्षात विषुववृत्तापासून दूर जावे तसे ते ताणले जाते. पुण्यात त्या प्रक्षेपणातील पाचशे मीटर म्हणजे जमिनीवरील सुमारे 474 मीटर. प्रणाली मीटर म्हणते, मोजणाराही मीटर म्हणतो, आणि सव्वीस मीटरांची संपूर्ण कडी हद्दीबाहेर राहते.

यावरचा उपाय म्हणजे स्थानिक प्रक्षेपण घेणे. मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती या सर्वांसाठी `EPSG:32643` हे प्रक्षेपण चालते, कारण ते 72 ते 78 पूर्व रेखांशांच्या पट्ट्यासाठी आहे. त्यात पुण्यातील पाचशे मीटरांमागे चूक होते ती वीतभराहूनही कमी. मात्र 78 अंशांचे रेखावृत्त विदर्भातून जाते, आणि नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली हे त्याच्या पूर्वेस, म्हणजे `EPSG:32644` या पुढच्या पट्ट्यात पडतात. सबंध राज्याची यादी एकाच प्रक्षेपणात काढू पाहणाऱ्याने हे ध्यानी ठेवले पाहिजे. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल ही आणखी एक नित्याची गफलत. पण तिचा शोध सोपा, कारण 18 आणि 73 यांची उलटापालट झाली की पुण्यातील शाळा नॉर्वेच्या उत्तरेस बेअर बेटाजवळच्या थंड समुद्रात जाऊन पडते. म्हणून कोणताही बफर काढण्यापूर्वी सारे बिंदू एकदा नकाशावर टाकून डोळ्यांखालून घालावेत, आणि बफर काढल्यावर त्याचा व्यास नकाशावरील मोजपट्टीने उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम असा दोन्हीकडून तपासावा. दोन्हीकडे हजार मीटर भरले, तरच पुढे जावे.

तरीही एक बारकावा उरतो. संगणकाने काढलेले वर्तुळ हे खरे वर्तुळ नसते. ते अनेक बाजूंचा बहुकोन असते. क्यूजीआयएसमध्ये पाव वर्तुळास पाच रेषाखंड हे पूर्वनिश्चित प्रमाण असल्याने बिंदूभोवतीच्या बफरास वीस बाजू येतात, आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर हद्द पाचशेऐवजी सुमारे 494 मीटरवर येते. क्षेत्रफळात ही तूट दीड टक्क्याहून थोडी अधिक. रेषाखंडांची संख्या वाढवून ती जवळजवळ नाहीशी करता येते. पण खरे सांगावयाचे तर, यादी हवी असेल तेव्हा बहुकोन काढण्याचीच गरज नाही. प्रत्येक दुकान व प्रत्येक शाळा यांतील अंतर थेट मोजून ते पाचशेच्या आत आहे की नाही एवढे विचारले म्हणजे पुरे. पोस्टजीआयएस या विदागार प्रणालीत ते असे विचारता येते :

```sql
SELECT d.id, d.name, count(*) AS schools,
       min(ST_Distance(d.geom::geography,
                       s.geom::geography)) AS metres
FROM shops d
JOIN schools s
  ON ST_DWithin(d.geom::geography,
                s.geom::geography, 500)
GROUP BY d.id, d.name;
```

येथे `geography` असे म्हटल्याने अंतर पृथ्वीच्या वक्र पृष्ठावर, खऱ्या मीटरांत मोजले जाते, आणि प्रक्षेपणाचा, पट्ट्याचा व बहुकोनाचा असे तिन्ही प्रश्न एकदमच मिटतात. `schools` या स्तरात बिंदूऐवजी आवारांची क्षेत्रे असतील तर तीच आज्ञा हद्दीपासूनचे अंतर देते. नकाशावर दाखविण्यासाठी बफर काढावाच. निर्णयासाठी मात्र अंतर मोजावे, हा भेद ज्याला समजला त्याच्या कामात निम्म्या तक्रारी उद्भवत नाहीत.

यानंतरचा प्रश्न दुकानांचा, आणि माझ्या मते साऱ्या विषयातील खरी अडचण हीच. भूमितीची चूक सुधारता येते. जे दुकान यादीतच नाही ते कोणत्याही बफराने सापडत नाही. मुले ज्या दुकानांत जातात ती कोणती? कोपऱ्यावरची पानटपरी, वाण्याचे दुकान, झेरॉक्स व वह्यांच्या आडोशाला बरण्या मांडलेली खोली, सुटीच्या वेळी फाटकाबाहेर उभी राहणारी हातगाडी. आता शासकीय दप्तरे पाहा. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दहाहून कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीतून मोकळे केले. त्यांनी केवळ सूचना द्यावयाची असते. टपरीवर बहुधा एकच इसम बसतो. महानगरपालिकेच्या मिळकतकराच्या दप्तरात बिगरनिवासी गाळ्यांची नोंद मिळते, पण त्या गाळ्यात शिवणकाम चालते की शीतपेये विकली जातात हे त्यावरून कळत नाही, आणि पदपथावरील टपरी ही मिळकतच नव्हे. अन्नपदार्थ विकणाऱ्यांची नोंदणी असते, पण तिच्यातील पत्ता पाहावा तर ‘मारुती मंदिरासमोर’ किंवा ‘बसथांब्यामागे’. असे पत्ते संगणकाकडून स्थानांत बदलून घेतले, की ज्यांचा अर्थ त्याला लागत नाही ते सारे तो पिनकोडाच्या मध्यबिंदूवर नेऊन ठेवतो. हा दोष ओळखण्याची खूण अशी, की एकाच अक्षांश-रेखांशावर, दशांशस्थळापर्यंत जुळणारी, चाळीस-पन्नास दुकाने एकावर एक रचलेली आढळतात. त्या बिंदूपासून पाचशे मीटरच्या आत शाळा असेल तर ती सर्व दुकाने दोषी, नसेल तर सर्व निर्दोष! म्हणून एकाच स्थानावर दोनांहून अधिक नोंदी असल्या, तर त्या वेगळ्या काढून प्रत्यक्ष पाहणीस पाठवाव्यात. त्यांना बफराच्या हिशेबात मुळीच धरू नये.

स्वयंसेवकांनी घडविलेला ओपनस्ट्रीटमॅप हा आणखी एक आधार. त्यात शाळा `amenity=school` आणि दुकाने `shop=convenience`, `shop=kiosk` अशा खुणांनी नोंदलेली असतात, आणि आवारांच्या हद्दीही पुष्कळ ठिकाणी काढलेल्या आढळतात. परंतु उपाहारगृहे त्यात `shop` या खुणेखाली नसून `amenity=fast_food` अशा वेगळ्या खुणांखाली असतात हे न जाणणारा मनुष्य वडापावची सारी दुकाने गमावून बसतो. शिवाय ज्या वस्तीत नकाशा काढणारे स्वयंसेवक राहतात तेथील दुकाने अधिक दिसतात, आणि जेथे ते फिरकले नाहीत तेथे दुकानेच नाहीत असा भास होतो. गरीब वस्तीतील शाळेभोवती शून्य दुकाने असे उत्तर आले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. एक माणूस पाठवून दोन गल्ल्या मोजून आणाव्यात.

यादी झाली, आणि आता तिचा अर्थ लावावयाचा. एक दुकान पाच शाळांच्या हद्दीत असेल, तर शाळानिहाय मोजणीत ते पाचदा मोजले जाते; वरील आज्ञेत दुकानावरून गट केले आहेत ते यासाठीच, म्हणजे दुकान एकदाच येते आणि ते किती शाळांच्या आवाक्यात आहे हा आकडा शेजारी मिळतो. पुण्याच्या पेठांत नू. म. वि., हुजूरपागा, रमणबाग, अहिल्यादेवी, ज्ञानप्रबोधिनी, भावे हायस्कूल अशा शाळा एकमेकींपासून चालण्याच्या अंतरावर असल्याने तेथे हा दुहेरी-तिहेरी हिशेब अपवाद नसून नियमच ठरतो. त्या भागाचा पाचशे मीटरचा नकाशा काढला म्हणजे वर्तुळे एकमेकांत मिसळून पेठांचा बहुतेक भाग झाकला जातो, आणि यादी म्हणजे पेठांतील दुकानांची संपूर्ण जंत्रीच होऊन बसते.

हे का होते, ते एका साध्या गणिताने उमगते. चौरस किलोमीटरमागे चार शाळा कशाही विखुरलेल्या आहेत असे मानले, तर पन्नास मीटरच्या एखाद्या नियमाखाली शहराची सुमारे तीन टक्के जमीन येते, तंबाखूच्या शंभर यार्डांच्या नियमाखाली सुमारे दहा टक्के, आणि पाचशे मीटरच्या नियमाखाली सुमारे शहाण्णव टक्के. शाळा प्रत्यक्षात पुंजक्यांनी असतात, त्यामुळे खरे प्रमाण याहून काहीसे कमी भरेल. पण दिशा तीच. त्रिज्या दहापट झाली की क्षेत्र शंभरपट होते, ही गोष्ट नियम लिहिताना सहज विसरली जाते. पन्नास मीटरचा नियम फाटकासमोरच्या दुकानदाराशी बोलतो; पाचशे मीटरचा नियम शहराशी बोलतो, आणि त्याची अंमलबजावणी ही मग शाळेभोवतीच्या देखरेखीची बाब न राहता परवाना पद्धतीची बाब होते. अशा शहरात ‘आत कोण’ या यादीपेक्षा ‘बाहेर कोण’ ही यादी आखूड व अधिक उपयोगी ठरण्याचा संभव आहे. मेळघाटात किंवा भामरागडात मात्र एका शाळेचे वर्तुळ दुसरीस शिवतही नाही, आणि तेथे तोच नियम अगदी नेमका असतो.

याच कारणास्तव ‘अमुक टक्के शाळांच्या पाचशे मीटरांत दुकान आहे’ या वाक्यातून फारसे निष्पन्न होत नाही; दाट वस्तीत ते असणारच. विचारावयाचे ते असे, की शाळा तेथे नसती तर जितकी दुकाने आढळली असती त्यांहून अधिक आढळतात काय? शिकागो शहरासंबंधी 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हा प्रश्न नीट विचारला. तेथे शाळेपासून जवळच्या झटपट खाद्यगृहाचे मध्यांक अंतर 0.52 किलोमीटर निघाले आणि 78 टक्के शाळांपासून आठशे मीटरच्या आत निदान एक तरी असे खाद्यगृह होते. पण संशोधक एवढ्यावर थांबले नाहीत. ती खाद्यगृहे शहरभर शाळांशी संबंध न ठेवता विखुरली असती तर शाळांजवळ किती पडली असती याच्याशी त्यांनी तुलना केली, आणि शाळांपासून दीड किलोमीटरच्या आत ती तिपटी-चौपटीने अधिक आढळतात असे दाखविले. बफराने मोजलेल्या संख्येला अर्थ येतो तो अशा तुलनेने. आपल्याकडे ही तुलना करावयाची तर शाळांच्या जागी त्याच प्रभागातील तितकीच कोणतीही ठिकाणे घ्यावीत, त्यांच्याभोवती तोच बफर काढावा आणि दोन्हीकडील संख्या ताडून पाहाव्यात.

राहिला काठावरच्या दुकानांचा प्रश्न. भ्रमणध्वनीने घेतलेले स्थान मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटर इकडेतिकडे होते, अरुंद बोळात त्याहून अधिक. आवाराची हद्द जुन्या नकाशावरून उतरविताना आणखी काही मीटर सरकते. म्हणून 497 मीटरवरील दुकान आत आणि 503 वरील बाहेर, असा निवाडा केवळ पडद्यावरच्या आकड्यावरून करणे हा त्या दुकानदारावर अन्याय आहे. ज्याचे पोट त्या टपरीवर आहे त्याला आपण चुकीच्या मोजणीने उठवता कामा नये, आणि ज्या मुलासाठी नियम केला त्यालाही चुकीच्या मोजणीने उघडे ठेवता कामा नये. यादीचे तीन भाग करावेत : 480 मीटरच्या आतील दुकाने निश्चित, 520 च्या पलीकडील निश्चित बाहेर, आणि मधल्या चाळीस मीटरांच्या पट्ट्यातील संदिग्ध. पट्टा किती रुंद ठेवावा हे आपल्या साधनांच्या चुकीवर ठरते. साधन चांगले असेल तर तो आवळता येईल. संदिग्ध दुकाने बहुधा थोडीच निघतात, आणि तेवढ्यांसाठी भूमापकाने जागेवर जाऊन दुकानाचा व भिंतीच्या जवळच्या कोपऱ्याचा बिंदू अचूक यंत्राने घ्यावा, दुकानदारासमक्ष पंचनामा करावा, आणि त्यात अंतराबरोबरच ते कोणत्या कोपऱ्यापासून, कोणत्या दिनांकास व कोणत्या साधनाने मोजले हे लिहावे. महानगरपालिकेच्या हद्दीलगतच्या शाळांसाठी शेजारच्या ग्रामपंचायतीतील दुकाने, आणि शहरातील दुकानांसाठी पलीकडच्या गावातील शाळा, या दोन्ही मागवून घ्याव्यात. नाहीतर शहराच्या कडेची दुकाने केवळ दप्तर वेगळे म्हणून सुटतात. हातगाडीची नोंद मात्र स्थानाबरोबर वेळेसहित करावी लागते : सकाळी अकराला ती मंडईत, साडेबाराला शाळेच्या फाटकापाशी आणि संध्याकाळी चौपाटीवर उभी असते, आणि पाहणी करणारा साडेबाराला तेथे नसेल तर त्याच्या वहीत ती येत नाही.